उघडी शिवण कशासाठी?

मराठी समीक्षेत गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार सोपे झाले आहे. एखाद्या कथेत लेखक मध्येच डोकावला, नाटकातल्या पात्राने प्रेक्षकांकडे वळून ‘हे नाटक आहे बरं का’ असे सांगितले, कादंबरीत कादंबरी लिहिणारा माणूस भेटला, की परीक्षण लिहिणारा हमखास नोंदवतो : ही कलाकृती स्वतःच्या घडणीवरच भाष्य करते. पुढे मेटाफिक्शन हा शब्द येतो आणि परिच्छेद संपतो. जणू काही ओळखले म्हणजे वाचले. अमेरिकन लेखक विल्यम गॅस यांनी हा शब्द 1970 मध्ये वापरात आणला, पण त्याने ओळखली जाणारी गोष्ट कितीतरी जुनी आहे. त्यामुळे शब्द कळला म्हणून गोष्ट कळते असे नाही. शिवण उघडी आहे हे कुणालाही दिसते. ती तशी का ठेवली, झाकली असती तर काय बिघडले असते, याचा हिशेब समीक्षकाने मांडायचा असतो. तो मांडता येतो आणि तो मांडला की चांगली कृती कोणती, नुसती हुशारी कोणती हेही सांगता येते, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासायला जालना जिल्ह्यातले एकच गाव पुरेसे आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब, म्हणजे आजचे जांब समर्थ. 1608 मध्ये तिथे नारायण सूर्याजी ठोसर जन्माला आले, तेच समर्थ रामदास. त्यांच्या दासबोधाला 20 दशक आणि 200 समास आहेत, आणि ग्रंथ सुरू होतो तो चक्क ग्रंथाविषयीच्या चौकशीने. श्रोते विचारतात, हा कुठला ग्रंथ, यात काय सांगितले आहे, ऐकून मिळणार काय? वक्ता उत्तर देतो. ग्रंथाचे नाव सांगतो, आत कोणकोणते विषय येतील ते सांगतो, कोणत्या गीतांचा, वेद-वेदान्ताचा आधार घेतला आहे त्याची यादी देतो. एवढ्यावर थांबत नाही. कुणी हे खोटे म्हणेल, मत्सराने नाकारेल, हेही आधीच गृहीत धरून त्याला उत्तर देतो. आजच्या परीक्षणाच्या भाषेत बोलायचे तर ग्रंथ स्वतःची घडण उघडी करतो, स्वतःच्या वाचकाला मजकुरात उभे करतो, आपले आधार आणि आपले टीकाकारही मांडतो. खुणा पाहायच्या तर सगळ्या जुळतात.

आणि तरीही दासबोधाला मेटाफिक्शन म्हणणे चुकीचे होईल. तो उपदेशपर ग्रंथ आहे, कथा नव्हे, हे एक कारण झाले. पण ते वरवरचे आहे. खरे कारण हेतूत आहे. समर्थ घडण दाखवतात ती ग्रंथाचा अधिकार पक्का करण्यासाठी. मी हे मनाने सांगत नाही, याला हे हे आधार आहेत, म्हणून विश्वास ठेवा, असा तो व्यवहार आहे. कागदपत्रांना जसे साक्षीदारांच्या सह्या जोडतात तसे. मेटाफिक्शन घडण दाखवते ती बरोबर उलट्या कामासाठी : जो अधिकार आपण न विचारता मान्य केला, तो कशाकशाने तयार झाला हे पाहता यावे म्हणून. कृती तीच, हेतू उलटा. नुसत्या खुणा मोजणाऱ्या समीक्षकाला हा फरक दिसणारच नाही, कारण त्याने ‘काय केले’ एवढेच विचारलेले असते.

म्हणून मी एक कसोटी वापरतो. उघडी शिवण मनातल्या मनात बंद करून पाहायची. म्हणजे लेखकाचे डोकावणे, नाटकातले नाटक, कथेतली कथा काढून टाकायची आणि तोच मजकूर सरळ, अखंड, विश्वासार्ह गोष्ट म्हणून मांडायचा. मग विचारायचे, काय गेले? काहीच गेले नसेल, फक्त चमक गेली असेल, तर ती युक्ती सजावट होती. पण कृतीचे मुख्य म्हणणेच निसटले असेल, तर ती घडण दाखवणे हेच त्या कृतीचे म्हणणे होते. माझ्या मते दुसरी गोष्ट तेव्हाच घडते जेव्हा कृतीचा विषयच ‘तयार केली जाणारी’ एखादी गोष्ट असतो : पुरावा, बदनामी, इतिहास, विधी, थोर पुरुषाची प्रतिमा. जी गोष्ट माणसे मिळून रचतात आणि नंतर ती निसर्गतःच तशी आहे असे भासवतात, तिच्याबद्दल लिहिताना स्वतःची रचना लपवणे म्हणजे त्याच भासात भर घालणे होय.

या कसोटीला लावण्यासाठी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’इतके चांगले मराठी उदाहरण मला माहीत नाही. नाटक 1967 चे. ‘रंगायन’ने ते केले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, लीला बेणारे सुलभा देशपांडे यांनी उभी केली. कुणी म्हणेल, हे नाटक आहे, मेटाफिक्शनच्या चर्चेत कथा-कादंबरी घ्या. हा आक्षेप मला फार वजनाचा वाटत नाही. कल्पित जग आणि ते रचण्याची कृती यांचा संबंध हा इथला विषय आहे, आणि मराठीत तो सर्वांत धीटपणे रंगभूमीवरच तपासला गेला आहे. शिवाय या नाटकात एक कादंबरीही आहे आणि ती नको त्या जागी उघडली जाते.

कथा सर्वांना माहीत असते असे आपण धरून चालतो, पण तिची जोडणी क्वचितच नीट पाहिली जाते. मुंबईतली एक हौशी मंडळी गावोगाव अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करते. आज रात्री एका गावात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालवायचा आहे. एक साक्षीदार आजारी पडल्याने आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला त्याच्या जागी उभे करायचे ठरते. सामंतला कोर्ट कसे असते हेच ठाऊक नाही. त्याला शिकवण्यासाठी, वेळही जावा म्हणून, एक तालीम करायची. आणि रात्रीच्या खटल्याचा ताजेपणा जाऊ नये म्हणून तालमीपुरता आरोपी वेगळा, आरोप वेगळा. आरोपी म्हणून शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना निवडतात आणि आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. रात्रीचा खटला आपल्याला कधीच दिसत नाही. जॉन्सनवर काय निकाल लागला असता याची कुणाला पर्वाही राहत नाही. दूरच्या बलाढ्य माणसावरचा खटला हे निमित्त होते, खरा खटला जवळच्या एकट्या बाईवर चालतो, हे नाटकाच्या बांधणीतूनच कळते. कुणाला ते बोलून दाखवावे लागत नाही.

आता घडण उघडी करणे किती तपशिलात होते ते बघू. समोर दिवाणखाना नाही, खरे कोर्टही नाही. एक रिकामे सभागृह, खुर्च्या, थोडे सामान. आपल्या डोळ्यांदेखत या खुर्च्यांचे न्यायासन होते, आरोपीचा पिंजरा होतो. शपथ घ्यायला गीता नाही म्हणून ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश पुढे केला जातो. हशा पिकतो. पण हीच हास्यास्पद वस्तू हाती धरून नंतर माणसे जे बोलतात ते बेणारेला लागते. काशीकर न्यायाधीश आहेत, पण स्वतःजवळची माहिती सांगायची सुरसुरी आवरत नाही म्हणून ते खुर्चीवरून उठून साक्षीदार होतात. सुखात्मे वकील आहेत. आपले व्यावसायिक अपयश ते या खोट्या कोर्टात भरून काढतात. एकेक नियम आपल्यासमोर ठरतो, मोडला जातो, पुन्हा सोयीने ठरतो. न्यायसंस्था ही माणसांनी मांडलेली बैठक आहे आणि ती कुणाला कुठे बसवते यावर सत्य अवलंबून राहते, हे एखाद्या निबंधाला जितक्या पानांत सांगता आले असते तितके इथे चार खुर्च्या सांगून जातात.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या अंकातला सामंतचा प्रसंग. साक्षीदार म्हणून त्याला काही तरी सांगायचे आहे आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, कारण बेणारेला तो आजच भेटला आहे. मात्र त्याच्या हाताशी एक कादंबरी आहे. मग तो प्राध्यापक दामल्यांच्या खोलीबाहेरून आपण काय ऐकले ते सांगू लागतो. दामले या नाटकात कधी येतच नाहीत. ज्याच्यामुळे सगळे घडले तो माणूस पूर्ण वेळ गैरहजर. सामंत सांगतो ते सगळे कल्पित आहे, त्या पुस्तकातून उचललेले आहे, हे त्याला माहीत आहे, बेणारेला माहीत आहे आणि प्रेक्षकालाही माहीत आहे. त्याच्या आधी बाळू रोकडे याने दामल्यांच्या घरी बेणारेला पाहिल्याची साक्ष दिलेली असते, आणि त्या साक्षीवर ही खोटी साक्ष चपखल बसते. एका स्वस्त कादंबरीतली फसलेली बाई आणि समोर उभी असलेली जिवंत बाई यांच्यातली रेघ पुसट होत जाते. बेणारे ओरडून सांगते की हे खोटे आहे. ते खोटे आहेच! पण आता त्याने काही बिघडत नाही. खोटी साक्ष खऱ्या गोष्टीच्या इतकी जवळ गेली आहे की ऐकणाऱ्यांना पुरावा मिळाल्यासारखे वाटते, आणि निघून जायला धडपडणाऱ्या बेणारेसमोर दारही बाहेरून बंद झालेले असते.

या जागी कसोटी लावून पाहा. शिवण बंद करा. समजा तेंडुलकरांनी हेच कथानक सरळ लिहिले असते : एक अविवाहित शिक्षिका, एका विवाहित प्राध्यापकाशी संबंध, गर्भ, नोकरीवर गदा, समाजाची निर्दयता. चांगले सामाजिक नाटक झाले असते. प्रेक्षक हळहळला असता आणि आपण त्या निर्दय लोकांपैकी नाही असे समजून घरी गेला असता. खेळाच्या रचनेत ती सोय राहत नाही. सामंत कादंबरीतून साक्ष देतो आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षागृह कान टवकारते. पुढे काय, खरेच असे झाले होते का, दामले आणि ती, हे आपल्याला जाणून घ्यायचे असते. सुखात्म्यांना जी उत्सुकता आहे तीच आपल्यालाही आहे, आणि ती पुराव्याच्या खरेपणावर अवलंबून नाही, गोष्टीच्या रंगतदारपणावर अवलंबून आहे. बाईची बदनामी अशीच तयार होते : एक अर्धा तपशील, एक ऐकीव साचा, आणि ऐकणाऱ्याला हवा असलेला शेवट. साचा आपण वाचलेल्या गोष्टींतूनच येतो. हे सांगण्यासाठी गोष्टीला स्वतःकडे बोट दाखवावेच लागते; दुसऱ्याकडे बोट दाखवून ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट. या नाटकात ‘हा खेळच आहे’ हे पुन्हा पुन्हा म्हटले जाते. बेणारे दुखावली की कुणी तरी तिला समजावते, मनाला लावून घेऊ नका, खेळ आहे. शेवटी काशीकर तिच्या पोटातल्या गर्भाचा नाश करण्याचा निकाल देतात, मग गावचे लोक प्रयोगाला येतात, आणि सगळे पुन्हा भली माणसे होऊन खेळच होता असे म्हणत उठतात. मेटाफिक्शनवर नेहमी केला जाणारा आरोप इथे आठवा : हे सगळे खोटे आहे असे सांगून लेखक जबाबदारी झटकतो. तेंडुलकरांनी हा आरोप नाटकातच घेतला आहे आणि योग्य माणसांवर ठेवला आहे. ‘हे तर काल्पनिक आहे’ ही क्रूर माणसाची पळवाट असू शकते, हे दाखवायला काल्पनिकाची चौकट दिसायलाच हवी होती. चौकट दाखवली म्हणून नाटक पळाले नाही. पळणारे कुठून पळतात ती वाट त्याने दाखवली.

भावनेबद्दलचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक आहे. घडण दिसली की गुंतणे संपते, प्रेक्षक थंड होतो, असे अनेक चांगले वाचक मानतात. काही कृतींबाबत ते खरेही आहे. पण बेणारेचे शेवटचे दीर्घ स्वगत कसे येते ते पाहावे. तिला बचावासाठी दहा सेकंद दिले जातात. ती बोलू लागते आणि बाकीची मंडळी आहेत त्या स्थितीत थिजतात. दहा सेकंदांत मावणारच नाही इतके ती बोलते. ते संपते तेव्हा कोर्ट सांगते की वेळ संपली. म्हणजे कथेच्या हिशेबाने ती काही बोललीच नाही, कुणी काही ऐकले नाही. बोलली ती फक्त रंगमंचाच्या एका उघड संकेतामुळे, आणि ऐकले फक्त आपण. हा संकेत अगदी उघडा आहे, त्याला वास्तवाचा मुलामा नाही. त्यामुळे प्रेक्षक थंड होतो का? माझ्या मते उलट होते. जगात कुठेही न मिळालेली दहा सेकंदे तिला नाटकाने दिली, हे दिसल्यामुळेच ते बोलणे सहन होत नाही. संकेत लपवला असता, समोरच्यांनी माना खाली घालून तिचे ऐकून घेतले असते, तर ते दृश्य प्रभावी झाले असते आणि खोटे झाले असते.

‘हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे’ हा दुसरा आक्षेप. त्याचे एक उत्तर ठरलेले आहे : आपल्याकडे तमाशात सोंगाड्या वगाच्या मधूनच बाहेर येऊन शेरा मारतो, कीर्तनकार आख्यानातल्या पात्रात शिरतो आणि बाहेर पडून टाळ-चिपळ्या वाजवतो, गोंधळात सांगणारा नि सांगितला जाणारा एकच असतो. मग मेटाफिक्शन आपल्याकडे होतेच! हे उत्तर मला पटत नाही, कारण त्यात पुन्हा खुणा मोजणेच आहे. तमाशात शिवण कायम उघडीच असते. तिथे ती उघडी असण्याने कुणाला धक्का बसत नाही, तो त्या प्रकाराचा रोजचा व्यवहार आहे. जिथे सगळेच उघडे आहे तिथे उघडे करणे हे विधान होत नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (1974) कीर्तन आहे म्हणून ते महत्त्वाचे नाही. मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात, बंद झालेल्या जुन्या स्मशानातच जळायचा हट्ट धरतात, आणि चाळीतली मंडळी दुःखाचे ठरलेले शब्द ठरलेल्या सुरात म्हणत राहतात, म्हणून ते महत्त्वाचे. मरणानंतरचे विधी हीसुद्धा एक पाठ केलेली संहिता आहे. ती दाखवायला कीर्तनाची दिसती संहिता उपयोगी पडली. परंपरेने साधन दिले. काम नाटककाराने नेमले.

इथे पुन्हा जांब समर्थला यायला हवे, कारण याच गावच्या राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ लिहिले. संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि 2012 पासून प्रयोगांत उभी राहिलेली बरीचशी मंडळी जालना जिल्ह्यातल्याच गावांतली. यमराज शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण देहाबरोबर विचार काही हाती लागत नाहीत, म्हणून त्यांच्या शोधात त्याला आजच्या वस्तीत फिरावे लागते, अशी ती कल्पना आहे. पोवाडा, सवाल-जवाब, विनोद, थेट प्रेक्षकांशी बोलणे, सगळे लोकनाट्याच्या रीतीने. मग मी आत्ताच म्हटल्याप्रमाणे, उघडेपणा रोजचाच असेल तर इथे त्याचे विशेष काय? विशेष विषयात आहे. शिवाजी महाराजांची प्रतिमा मराठीत गाण्यांनीच घडवली आहे. महाराजांच्या हयातीत अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, 1869 मध्ये जोतीराव फुले यांनी पवाडा लिहून त्याच राजाला कुळवाडी शेतकऱ्यांच्या बाजूला उभे केले, आणि त्यानंतर प्रत्येक पिढीने, प्रत्येक पक्षाने आपापला पोवाडा गायला. ‘कुणाचा शिवाजी’ हा प्रश्न म्हणजे ‘कुणी रचलेला, कुठल्या चालीत’ हा प्रश्न. अशा विषयावर नाटक करताना आपले गाणे तेवढे खरे आणि आपण ते रचलेलेच नाही असे दाखवणे अप्रामाणिक ठरले असते. गाणारे, रचणारे, सवाल करणारे समोर दिसत राहतात, त्यामुळे प्रेक्षक प्रत्येक शिवाजीपुढे विचारू शकतो, हा कुणी गायला? जो संकेत तमाशात नुसता रिवाज होता, तो इथे युक्तिवाद झाला. माझी एक तक्रार मात्र आहे. या नाटकाचा स्वतःचा शिवाजी, रयतेचा राजा, त्याच कडक प्रश्नापुढे फारसा उभा राहत नाही. दुसऱ्यांच्या शिवणी उसवायला जेवढा हात सढळ आहे तेवढा स्वतःच्या शिवणीला नाही. प्रयोगाच्या राजकीय गरजेपोटी ते समजण्यासारखे आहे, पण कसोटी एकच ठेवायची तर ते नोंदवायला हवे.

जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही हेच सांगते. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग 1605 मध्ये आला. पुस्तके वाचून वेडा झालेला माणूस, आणि त्याची हकीगत आपण एका अरब इतिहासकाराच्या हस्तलिखितावरून देतो आहोत असे सोंग. परीक्षणात इथपर्यंतच थांबतात. पण 1614 मध्ये आवेयानेदा या टोपणनावाने कुणी तरी खोटा दुसरा भाग छापला, आणि 1615 च्या खऱ्या दुसऱ्या भागात सर्व्हान्तेसने त्याला पुस्तकातच घेतले. किहोतेच्या कानावर येते की त्या खोट्या पुस्तकात आपण सारागोसाला गेलो होतो. लगेच तो बेत बदलून बार्सिलोनाला जातो. पुढे खोट्या पुस्तकातलेच एक पात्र त्याला भेटते, आणि किहोते त्या पात्राकडून गावच्या अधिकाऱ्यासमोर लेखी जबानी घेतो की मला माहीत असलेला किहोते हा नव्हे. एक काल्पनिक माणूस दुसऱ्या काल्पनिक माणसाकडून आपल्या खरेपणाचे प्रतिज्ञापत्र करून घेतो! हसायला येतेच. पण विषय काय आहे? छापलेल्या गोष्टीवर माणूस किती विश्वास ठेवतो, हाच पहिल्या पानापासून विषय आहे. पुस्तकावर विश्वास ठेवून बिघडलेला माणूस शेवटी पुस्तकाविरुद्ध कागद गोळा करतो. घडण झाकली असती तर उरला असता पवनचक्क्यांशी लढणारा एक गमतीदार म्हातारा.

आता जे कसोटीला उतरत नाही त्याबद्दल. शेवटच्या पानावर ‘हे सगळे मीच लिहीत होतो’ असे सांगून मोकळ्या होणाऱ्या कथा दिवाळी अंकांत दरवर्षी दोन-चार तरी असतात. तिथे शिवण बंद करा, म्हणजे ते शेवटचे पान फाडा; बहुतेक वेळा कथा आहे तशीच राहते, कधी कधी सुधारते. कारण आधीच्या पानांत रचणे हा प्रश्नच नव्हता. नवऱ्याचा संशय, शेतीचे कर्ज, मुलाचे परदेशी जाणे, हे विषय होते आणि शेवटी लेखकाला त्यांतून बाहेर कसे पडायचे ते सुचले नाही. अशा कथेवर ‘घडणीवरचे भाष्य’ असा शिक्का मारून समीक्षक लेखकाचे आणि वाचकाचे दोघांचेही नुकसान करतो. कर्जाच्या कथेत मात्र सातबाऱ्यावरचा बोजा कसा चढला, पंचनाम्यात काय लिहिले गेले आणि काय वगळले गेले, हाच विषय असता, तर कथेने आपला मजकूर कसा तयार झाला ते दाखवणे अगदी रास्त झाले असते. पंचनामा हाही एक रचलेला मजकूर आहे, त्यालाही सांगणारा आणि लिहून घेणारा असतो. तशी कथा मराठवाड्यातून यायला हवी, आणि ती आली तर तिला विदेशी नाव शोधत बसायची गरज पडणार नाही.

माझ्या कसोटीवरही एक रास्त आक्षेप घेता येईल : जगातली कुठलीही गोष्ट ‘रचलेली’ ठरवता येते, मग कुठल्याही युक्तीचे समर्थन होईल. प्रेम रचलेले, घर रचलेले, भाषा तर रचलेलीच. हे खरे आहे, म्हणून विषय रचलेला आहे एवढे दाखवणे पुरत नाही. कृतीत ती रचना कोण करते, कशी करते, तिच्यातून कुणाचे काय होते, हे प्रसंगात दिसायला हवे. सामंतच्या हातातले पुस्तक दिसते, बोलणाऱ्याला काही माहीत नाही हे दिसते, आणि त्याच्या बोलण्याने बेणारेचे काय होते तेही दिसते. एवढे तीन दुवे जिथे जुळतात तिथे मी समर्थन करतो. दोनच जुळले तर कृती चांगली असू शकते, पण तिचे उघडेपण अजून सिद्ध व्हायचे आहे असे म्हणतो. एकही जुळत नसेल तर ती युक्ती आहे, मग लेखक कितीही मोठा असो.

परीक्षण लिहिणाऱ्या आणि मराठी शिकवणाऱ्या मंडळींना म्हणून एवढीच विनंती आहे की ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा दुसरा अंक पेन्सिल घेऊन पुन्हा वाचावा, ‘खेळ’ हा शब्द कोण, कुणाला, कुठल्या क्षणी उच्चारतो तिथे खूण करावी, आणि मगच त्या नाटकाला मेटाफिक्शन म्हणायचे की नाही ते ठरवावे.